ग्लासातलं इंद्रधनुष्य अकरा वाजता का दिसत नाही?

प्रश्न: मी कळव्याला बालवाडी घेते. साडेचार ते सहा वर्षांची अठरा मुलं आहेत. एका रविवारी सकाळी घरी खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासातून जमिनीवर छान इंद्रधनुष्य पडलं. तोच ग्लास वर्गात नेला. अकरा वाजले होते, कडक ऊन होतं, तरी अर्धा तास फिरवूनही काही दिसलं नाही. मुलं हिरमुसली. माझं काय चुकलं? आणि दिसलंच, तर एवढ्या लहान मुलांना काय सांगायचं?

उत्तर:

ग्लास बरोबर होता, पाणी बरोबर होतं, ऊनही होतं. सूर्य फार वर गेला होता, एवढंच. अकरा वाजता हा प्रयोग कितीही फिरवलात तरी होणार नाही, आणि का होणार नाही ते एकदा कळलं की कधी होईल तेही घड्याळ न बघता सांगता येतं.

रंग नेमके कुठून येतात ते आधी पाहू. बहुतेकांना वाटतं, ऊन ग्लासाच्या एका बाजूने आत शिरतं आणि समोरच्या बाजूने बाहेर पडतं, तेव्हा रंग होतात. तसं नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींतून सरळ गेलेला प्रकाश आत जाताना जेवढा वाकतो तेवढाच बाहेर पडताना उलटा वाकतो, त्यामुळे रंग सुटे होतच नाहीत. इंद्रधनुष्य तयार करणारा प्रकाश वरून येतो. तो पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो, खाली वाकतो आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या उभ्या भिंतीतून बाहेर पडतो. पाण्याचा आडवा पृष्ठभाग आणि ग्लासाची उभी भिंत यांत काटकोन असतो. म्हणजे या दोघांनी मिळून एक पाण्याचा लोलकच बनवलेला असतो.

आता यात एक अट दडलेली आहे. भिंतीवर आतून फार तिरका आपटलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, तो आतल्या आत परततो. सूर्य जितका वर, तितका पाण्यातला किरण उभा होत जातो आणि भिंतीला घासल्यासारखा तिरका लागतो. गणित केलं तर उत्तर येतं की सूर्य क्षितिजापासून साधारण २८ अंशांच्या वर गेला, की पृष्ठभागातून शिरलेलं ऊन त्या भिंतीतून बाहेर येणं बंद होतं. ते भिंतीवरून परतून तळातून निघून जातं, आणि वरचा पृष्ठभाग व तळ समांतर असल्यामुळे तिथे पांढराच प्रकाश पडतो. तुम्ही अकरा वाजता ग्लास फिरवत होता तेव्हा त्याच्या पायाशी पांढऱ्या चकाकत्या कमानी नक्की दिसल्या असतील. त्या वेळी जानेवारीत सूर्य ठाण्यात ४० अंशांच्याही वर असतो.

कोन मोजायला काही लागत नाही. एक पेन्सिल उन्हात उभी धरा आणि तिची सावली बघा. सावली पेन्सिलीच्या दुपटीहून लांब असेल तर सगळे रंग मिळतील. दुपटीहून कमी झाली की ग्लास आवरून ठेवा. १५ सेंटिमीटरची पेन्सिल असेल तर सावली निदान ३० सेंटिमीटर हवी, आणि ३५ ते ७५ च्या दरम्यान असली तर उत्तम. याहून फार लांब सावली, म्हणजे सूर्य नुकताच उगवलेला, हेही तितकंसं बरं नाही. तेव्हा ऊन पाण्यावर इतकं आडवं येतं की बराचसा प्रकाश पृष्ठभागावरूनच उडून जातो. हे सावली मोजणं मुलांना करू द्या. साडेचार वर्षांच्या मुलाला अंश कळत नाहीत, पण “दोन पेन्सिली मावतात का सावलीत?” हे लगेच कळतं.

घड्याळात सांगायचं तर आपल्या ठाणे-नवी मुंबईत डिसेंबर-जानेवारीत सकाळी साधारण सव्वानऊ-साडेनऊपर्यंत, मार्च अखेरीला साडेआठ-पावणेनऊपर्यंत आणि मे महिन्यात जेमतेम आठपर्यंत सगळे रंग मिळतात. संध्याकाळी डिसेंबरात चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, मे महिन्यात पाच वाजून गेल्यावर. म्हणून शाळेसाठी हा हिवाळ्याचा प्रयोग आहे. तुमचा रविवारचा ग्लास सकाळचा होता, म्हणून जमला.

मी हे पुस्तकातून शिकले नाही, फजिती होऊन शिकले. बालवर्ग घ्यायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पालकसभेला मी हौसेने हा प्रयोग ठेवला होता. बरोबर बारा वाजता. आदल्या दिवशी सकाळी आठला घरच्या गॅलरीत दोनदा करून पाहिला होता, त्यामुळे खात्री होती. तीस पालक, पुढे मांडी घालून बसलेली मुलं, आणि माझ्या हातातल्या ग्लासाखाली एक पांढरा डाग. शेवटी एका मुलाच्या आजोबांनी चष्मा काढून विचारलं, “बाई, पाणी फिल्टरचं घेतलंत का?” पाण्याचा काही संबंध नव्हता. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, कुठलंही चालतं, गढूळ नसलं म्हणजे झालं.

वेळ जुळली तरी निम्मे लोक इंद्रधनुष्य चुकीच्या जागी शोधतात. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. या वाटेने बाहेर पडणारा प्रकाश आडवा जात नाही, तो जवळजवळ पायाशी कोसळतो. सूर्य २० अंशांवर असताना तो क्षितिजापासून साधारण ७० अंश खाली वळलेला असतो. त्यामुळे ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला तर रंग ग्लासापासून तीनचार सेंटिमीटरवर, टेबलावरच पडतात, आणि तिथे ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात की पांढऱ्या पट्ट्याला एका कडेने लालसर आणि दुसऱ्या कडेने निळसर किनार दिसते, बस. रंगांना एकमेकांपासून लांब जायला उंची लागते. म्हणून ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर किंवा उंच स्टुलावर, सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या अगदी कडेला ठेवायचा आणि पांढरा कागद खाली जमिनीवर, भिंतीच्या किंवा स्टुलाच्या पायाजवळ अंथरायचा.

अगदी कडेला म्हणजे कडेपासून एक-दोन सेंटिमीटरवर. ग्लास पडण्याची भीती रास्त आहे. मी तळाखाली कणकेची जाड वळी दाबून बसवते. कणीक नसेल तर मुलांची खेळायची क्ले चालते. आणि मुलांना ग्लासाच्या खाली नाही, कागदाच्या दोन्ही बाजूंना बसवते.

दुसरी गोष्ट, कागदावर थेट ऊन पडता कामा नये. हे इतकं साधं आहे की सुचत नाही. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर तुमचं इंद्रधनुष्य पडलेलं असतं, पण भर दुपारी लावलेल्या दिव्यासारखं, कोणाला दिसत नाही. खिडकीचा कट्टा यासाठी उत्तम, कारण खालची भिंत आपोआप सावली देते. स्टूल वापरलं तर कोवळं ऊन त्याच्या पायांमधून घुसतं आणि नेमकं कागदावर पडतं. मग सूर्याकडच्या बाजूने स्टुलावरून एक जाड चादर किंवा सतरंजीचा तुकडा जमिनीपर्यंत सोडायचा. ओढणी पातळ पडते.

आता ग्लास कसला? सरळ उभ्या भिंतींचा, साधा, पातळ काचेचा, आणि जवळजवळ काठोकाठ भरलेला. आपल्याकडे पाणी प्यायला स्टीलचा पेला, त्यामुळे घरात काचेचा ग्लास म्हणून अनेकदा टपरीसारखा पैलूदार कटिंगचाच असतो. त्याने रंग येतात, पण तुकड्यातुकड्यांनी, चहूकडे शिंपडल्यासारखे. मुलांना ते आवडतं, पण ‘लालनंतर काय येतं’ हे त्यात बघता येत नाही. खाली निमुळता होत जाणारा ग्लासही टाळा, कारण त्याची भिंत उभी नसते आणि वर सांगितलेला हिशेब बिघडतो. जॅमची सरळ बरणी उत्तम. चौकोनी, सपाट बाजूंची बरणी मिळाली तर त्याहून उत्तम, कारण गोल ग्लासाने पट्टा कमानीसारखा वाकतो, सपाट बाजूने सरळ पडतो. काच नको असेल तर पारदर्शक कडक प्लॅस्टिकचा ग्लास घ्या. पार्टीतले चुरगळणारे ग्लास नकोत, त्यांना आडव्या वळ्या असतात.

एक छोटी जोड केली तर रंग एकदम स्वच्छ होतात. ग्लासात शिरलेलं ऊन भिंतीच्या सहासात सेंटिमीटर उंचीतून बाहेर पडतं आणि प्रत्येक उंचीवरून आपापलं इंद्रधनुष्य पाडतं. ही सगळी एकमेकांवर सरकून पडतात आणि मधले रंग धुवून निघतात. म्हणून काळ्या जाड कागदाची पट्टी घ्या, तिच्यात एक सेंटिमीटर रुंदीची आडवी फट कापा, आणि ती ग्लासाच्या सावलीकडच्या बाजूला चिकटवा. फट पाण्याच्या पातळीखाली दोनेक सेंटिमीटरवर यावी. उजेड थोडा कमी होतो, पण हिरवा हिरवा दिसतो, ज्याच्यासाठी एरवी झगडावं लागतं. फट उभी कापली तर हा फायदा होत नाही. मी सुरुवातीला उभीच कापत असे.

एक सकाळ तपशिलात सांगते, म्हणजे तुम्हाला स्वतःच्या वर्गात ताडून बघता येईल. जानेवारीचा मध्य, नेरूळची एक खोली, खिडकी पूर्व-आग्नेयेला. फटीपासून जमिनीपर्यंत उंची ७५ सेंटिमीटर. साडेआठला पेन्सिलीची सावली तिच्या पावणेचारपट होती, म्हणजे सूर्य १५ अंशांवर. रंगांचा पट्टा फटीच्या बरोबर खालच्या जागेपासून २९ ते ३३ सेंटिमीटरवर पडला होता, जेमतेम चार सेंटिमीटर रुंद. लाल लांबच्या कडेला, जांभळा ग्लासाकडे. जांभळा जास्त वाकतो, म्हणून तो पायाजवळ येतो. मुलांनी जिथे लाल संपला तिथे पेन्सिलीने रेघ मारली. पाच मिनिटांनी बघितलं तर लाल रेघेच्या आत सरकलेला. “ताई, ते पळतंय!” नऊला थोडी मिनिटं असताना पट्टा २२ ते २७ च्या दरम्यान आला होता. सव्वानऊला तो आणखी जवळ आला आणि पसरून सात सेंटिमीटरचा झाला, पण फिका. ही सगळ्यांत बघण्यासारखी वेळ. सूर्य त्या २८ अंशांच्या हद्दीजवळ पोचतो तेव्हा इंद्रधनुष्य एकदम विझत नाही, रंग एकेक करून निरोप घेतात. जांभळा सर्वांत जास्त वाकणारा, म्हणून त्याची हद्द आधी, २६ अंशांना लागते. तो साडेनऊच्या थोडं आधी गेला. मग निळा, मग हिरवा. शेवटची काही मिनिटं ग्लासाच्या अगदी पायाशी फक्त तांबूस पट्टी उरली, आणि नऊ पस्तीसच्या पुढेमागे तीही गेली. हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं. तुमच्या खोलीत मिनिटं थोडी इकडेतिकडे होतील, क्रम तोच राहील.

तुमच्या कळव्याच्या बाजूला एक अडचण असू शकते. पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी असाल तर ऊन उशिरा पोचतं आणि हाताशी वेळ कमी राहतो. ऐरोली-घणसोलीलाही तेच. ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला उलट, तिथे संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगराआड लवकर जातो. आणि उंच इमारतींच्या दाटीत डोंगराची गरजच नसते, समोरची बिल्डिंग पुरते. म्हणून आदल्या दिवशी खिडकीत ऊन किती वाजता येतं ते नुसतं बघून ठेवा. ऊन आल्यापासून पेन्सिलीची सावली दुपटीवर येईपर्यंतचा वेळ तुमचा. तो वीस मिनिटं असला तरी पुरतो.

खिडकीचंही बघा. सरकत्या काचेला काळी फिल्म असेल तर काच बाजूला करा. मच्छरजाळीही पूर्ण उघडा, तिच्यातून येणारं ऊन डोळ्याला ठीक वाटतं, पण रंग मरतात. ग्रिलच्या गजाची सावली पाण्यावर पडली तर पट्ट्यात काळी फट दिसते. ग्लास बोटभर सरकवला की ती जाते.

तुमचा वर्ग अकरालाच असेल आणि बदलता येत नसेल, तर ग्लास सोडा आणि परात घ्या. परातीत तीनेक सेंटिमीटर पाणी, त्यात तळहाताएवढा आरसा सूर्याकडे तोंड करून, अर्धा बुडालेला. आरसा उभा ठेवू नका. परातीच्या तळापासून ३०-४० अंशच उचललेला हवा, नाहीतर इथेही प्रकाश पाण्यातच अडकतो. पाणी स्थिर झालं की रंग छतावर, खिडकीच्याच बाजूला पडतात, समोरच्या भिंतीवर नाही. आरशाचा जो भाग पाण्याबाहेर आहे त्याचा पांढरा कवडसा वेगळा पडतो, त्याला फसू नका, आणि तो कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. परात जमली तरी मला ग्लास जास्त आवडतो. परातीत मुलांना आरसाच दिसतो आणि ती तोंडं वाकडी करण्यात रमतात.

डोळ्यांबद्दल, ग्लासातून सूर्याकडे बघायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच, एकदाच, ठामपणे. आणि पाणी भरलेली गोल बरणी उन्हात तशीच सोडून जाऊ नका. ती भिंगासारखी ऊन एका रेषेत गोळा करते, काळा कागद किंवा पडदा त्या रेषेत आला तर करपू शकतो.

आता मुलांना काय सांगायचं. माझं मत थोडं टोकाचं आहे: चार-पाच वर्षांच्या मुलांना काहीच सांगायचं नाही, बघायला लावायचं. अपवर्तन आणि अपस्करण दहावीच्या विज्ञानात येतं, तिथेच राहू दे. “पांढरा प्रकाश सात रंगांचा बनलेला असतो” हे वाक्य मुलं छान पाठ करतात. पण त्याच मुलांना विचारा, “रंग कुठून आले?” तर उत्तर येतं, “पाण्यातून.” किंवा, “ग्लासात लपले होते.” आणि हे उत्तर चुकीचं म्हणून मोडून काढू नका, कारण ते तपासता येतं.

मी तीन गोष्टी करून बघू देते. पहिली, एक मूल ऊन आणि ग्लास यांच्या मध्ये पुठ्ठा धरतं. रंग गेले. पुठ्ठा काढला, आले. पाणी तेच, ग्लास तोच, ऊन नाही तर रंग नाहीत. दुसरी, ग्लासातलं पाणी ओतून टाकायचं. ऊन आहे, ग्लास आहे, रंग नाहीत. म्हणजे दोन्ही लागतात. ही दोन्ही होऊनही एखादं मूल म्हणतंच की पाण्यात रंग आहे आणि उन्हाने तो बाहेर येतो. मागे एका मुलीने तसं म्हटलं होतं, आणि मला तिचा युक्तिवाद खोडता येईना. तिच्यामुळे तिसरी गोष्ट माझ्या वर्गात आली. लाल जिलेटिन पेपरचा तुकडा ग्लासाच्या आधी, उन्हाच्या वाटेत धरायचा. पाण्याला कोणी हात लावलेला नाही, तरी कागदावर लाल राहतो आणि निळा-हिरवा गायब होतो. रंग पाण्यात असते तर ते गायब का व्हावेत? ती मुलगी बराच वेळ कागद मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हा कागद बाकीच्यांना आत सोडत नाही.” मी त्यावर एक शब्द बोलले नाही. याच्या पुढचं स्पष्टीकरण त्या वयाला लागत नाही. जिलेटिन गडद घ्या, फिकं असेल तर दुहेरी करा, नाहीतर थोडा निळा झिरपतो आणि सगळा घोळ होतो.

आणखी एक, सात रंगांचा आग्रह धरू नका. आपण ‘तानापिहिनिपाजा’ इतकं पक्कं पाठ केलेलं असतं की सात दिसतातच असं वाटतं. खडू पुढे ठेवा आणि म्हणा, दिसतात ते लावा. बहुतेक मुलं पाच लावतात, कोणी चार, कोणी सहा. लाल, पिवळा, हिरवा, निळा, आणि शेवटी एकजण म्हणाला, “वांग्याचा.” नारिंगीची पट्टी अगदी अरुंद असते, ती चुकते. पारवा तर मलाही कधी ग्लासात वेगळा सापडलेला नाही. मुलं खोटं बोलत नाहीत. पट्ट्यात मधे रेघा नसतातच, एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो, आणि तो कुठे तोडायचा हे बघणाऱ्यावर आहे. न्यूटनने १६६६ साली अंधाऱ्या खोलीत झडपेच्या भोकातून आलेलं ऊन लोलकातून भिंतीवर पाडलं. पुढे त्याने सात हा आकडा धरला त्यात संगीताच्या सप्तकाशी मेळ घालण्याचा भाग होता. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या कोणी पाच मोजले तर फळ्यावर पाचच लिहा. क्रम मात्र बारकाईने बघायला लावा. लाल नेहमी लांब, जांभळा ग्लासाजवळ, मग ग्लास कोणीही ठेवो. मुलं हे स्वतःहून पकडतात आणि दुसऱ्या दिवशी ‘आज उलटं येईल’ म्हणून पैज लावतात. ग्लास उलट्या बाजूला वळवून बघतात, तरी येत नाही.

एक गोष्ट मात्र टाळा. “आकाशातलं इंद्रधनुष्य असंच होतं” असं सरसकट सांगू नका. रंग सुटे होण्याचं कारण एकच, पण पावसाच्या थेंबात प्रकाश आत शिरून मागच्या भिंतीवरून परत फिरतो आणि सूर्याच्याच बाजूला बाहेर येतो. म्हणून ग्लासाचे रंग सूर्याच्या विरुद्ध दिशेला, जमिनीवर पडतात, आणि आकाशातलं बघायला आपल्याला सूर्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मोठ्या गटातलं एखादं मूल हे नक्की विचारतं. तेव्हा पाठ करून उभं राहण्याचं तेवढं सांगा. त्यालाही सूर्य खालीच लागतो, ४२ अंशांच्या आत, पण ग्लासाइतका खाली नाही. जून-जुलैत संध्याकाळी पाऊस थांबून येऊरच्या बाजूने ऊन आलं, की मुलांना गच्चीवर नेऊन पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून उभं करा. त्या आधी पेन्सिलीची सावली मोजायला विसरू नका, या वेळी ती पेन्सिलीहून थोडी लांब असली तरी चालते.